अक्षर उशिरा उमटतंय? आधी बघा अडकतंय कुठं

मोबाईलवर टाईप करताना अक्षरं मागं राहायला लागली की बहुतेक जण आधी कीबोर्डची कॅशे, म्हणजे त्यानं साठवलेला तात्पुरता माल, उडवतात आणि त्यानं फरक पडला नाही की नवीन कीबोर्ड टाकतात. दोन्ही उपाय खरे आहेत, पण ते लागू कधी पडतात हे कळायला बोटापासून अक्षरापर्यंतचा रस्ता माहीत पाहिजे, कारण उशीर या रस्त्यावर तीन वेगवेगळ्या ठिकाणी होऊ शकतो आणि लिहिणाऱ्याला मात्र तिन्ही वेळा एकच दिसतं, अक्षर आलं नाही.

अँड्रॉइड फोनमध्ये कीबोर्ड हे एक स्वतंत्र अॅप असतं, आणि तुम्ही ज्यात लिहिताय ते गप्पांचं किंवा नोंदीचं अॅप वेगळं असतं. बोट काचेला लागलं की सिस्टीम ती जागा कीबोर्डला कळवते, कीबोर्ड ठरवतो की हा 'k' आहे का शेजारचा 'l', मग तो समोरच्या अॅपला सांगतो की हे अक्षर घाल, आणि अक्षर पडद्यावर काढायचं काम ते अॅप करतं. साध्या ६० हर्ट्झच्या पडद्यावर दर १६.७ मिलिसेकंदाला नवं चित्र येतं, म्हणजे सगळं सुरळीत असेल तर हा प्रवास डोळ्याला जाणवतसुद्धा नाही. बटण दाबल्यावर साधारण एक दशांश सेकंदात काहीतरी दिसलं पाहिजे असं संशोधक रॉबर्ट मिलरनं १९६८ मध्येच लिहून ठेवलं होतं, त्यापुढं गेलं की माणसाला खटकायला लागतं.

आता अडकतंय कुठं ते बघायची एक सोपी चाचणी आहे आणि मला वाटतं कॅशेला हात लावायच्या आधी ती प्रत्येकानं करावी. सेटिंगमध्ये फोनच्या माहितीत जाऊन Build number वर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपरचे पर्याय उघडतात, त्यात Show taps चालू करा (काही फोनमध्ये नाव थोडं वेगळं असतं). आता बोट जिथं टेकेल तिथं सिस्टीम स्वतः एक ठिपका दाखवते. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये बटण दाबल्यावर वर मोठं अक्षर उमटायचा पर्याय असतो, तो पण चालू ठेवा. मग सावकाश टाईप करा आणि क्रमानं बघा. ठिपकाच उशिरा आला तर फोनच दमलाय. ठिपका वेळेवर पण वरचं मोठं अक्षर उशिरा, तर दोष कीबोर्डचा. मोठं अक्षर वेळेवर पण लिहायच्या जागेत उशिरा, तर बहुतेक ते समोरचं अॅप अडकतंय, आणि तिथं कीबोर्ड बदलून काडीचा उपयोग होत नाही. एक लक्षात ठेवा, मोठं अक्षर बोट टेकलं की दिसतं पण खरं अक्षर बहुतेक कीबोर्डमध्ये बोट उचलल्यावर जातं, कारण बटण दाबून धरलं तर दुसरं अक्षर द्यायचं असतं, त्यामुळं तेवढं अंतर हा बिघाड नाही.

आमच्या ओळखीचे एक दादा कोल्हापुरात मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात आहेत, सौदे झाले की दर आणि रव्यांची, म्हणजे गुळाच्या ढेपांची, संख्या त्यांना लगेच ग्रुपवर टाकायची असते. त्यांच्याकडं ४२०० लिहिलं की ४२००० पडायला लागलं. झालं असं की शून्य दिसलं नाही म्हणून ते परत दाबायचे, पण आधीची टिचकी हरवलेली नसते, ती रांगेत उभी असते आणि कीबोर्ड मोकळा झाला की सगळ्या टिचक्या एकदम उमटतात. म्हणून अक्षर दिसलं नाही तर परत दाबू नका, थोडं थांबा. ही रांग पाच सेकंद तशीच अडली तर 'अॅप प्रतिसाद देत नाही' अशी पाटी येते.

दादा म्हणाले, "कॅशे कवाच उडवलीया की, तरी तसंच हाय." चाचणी केली तर ठिपका वेळेवर, मोठं अक्षर उशिरा, आणि कुठल्याही अॅपात लिहिलं तरी तेच. म्हणजे कीबोर्ड. मग कॅशेनं फरक का पडला नाही? कारण कॅशेत तात्पुरता माल असतो, स्टिकरची चित्रं, जीआयएफ, उतरवून ठेवलेल्या फायली असलं काहीबाही. त्यातली एखादी फाईल बिघडली असेल तर ती उडवून काम होतं, नाहीतर नाही. उलट ते सगळं परत तयार करायला लागतं म्हणून सुरुवातीला थोडा वेळ जास्तच जाऊ शकतो. फोनची जागा भरत आली असेल तर फोन खरंच मंदावतो, पण कीबोर्डची कॅशे उडवून मिळते ती जागा सहसा किरकोळ, ग्रुपवर आलेले व्हिडिओ काढलेत तर खरी जागा होते.

तुम्ही लिहिता तसे कीबोर्ड शब्द शिकत जातो, आणि हा शिकलेला साठा कॅशेत नसतो, अॅपच्या मूळ डेटात असतो. प्रत्येक अक्षराला कीबोर्ड त्या साठ्यात आणि चालू असलेल्या सगळ्या भाषांच्या शब्दकोशांत पुढचा अंदाज शोधतो. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत असाल तर काम आणखी वाढतं, कारण kolha पर्यंतचा अंदाज p दाबल्यावर बदलू शकतो म्हणून पूर्ण शब्दाचा विचार परत होतो. दादांच्या फोनमध्ये मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही चालू होत्या आणि स्वाइप टायपिंग पण. हिंदी आणि स्वाइप बंद केल्यावर थोडा फरक पडला, पूर्ण नाही.

मग फोनबरोबर आलेला दुसरा कीबोर्ड निवडून बघितला तर अक्षरं झटक्यात. कीबोर्ड बदलायचा मला सगळ्यात मोठा फायदा हाच वाटतो, दोष पक्का करता येतो आणि जुन्याचं काही पुसलं जात नाही. दोष पक्का झाल्यावर जुन्या कीबोर्डवर Clear storage केलं. हे Clear cache च्या शेजारीच असतं पण परिणाम फार वेगळा, सेटिंग, शिकलेले शब्द, उतरवलेल्या भाषा सगळं जातं. दादांचा कीबोर्ड नीट झाला, म्हणजे घोळ त्या साठ्यातच होता, पण गडहिंग्लज, भुदरगड, शेतकऱ्यांची आडनावं, सगळं त्याला परत शिकवायला लागलं. म्हणून हा उपाय शेवटी.

कायमचा नवीन कीबोर्ड घ्यायचा असेल तर चालू करताना फोन एक इशारा दाखवतो, की हे अॅप तुम्ही लिहाल ते सगळं, पासवर्डसकट, गोळा करू शकतं. तो न वाचता पुढं जाऊ नका. हेलीबोर्डसारखे ओपन सोर्स कीबोर्ड इंटरनेटची परवानगीच मागत नाहीत आणि हलके पण असतात, फक्त त्यात इंग्रजी अक्षरांतून मराठी होत नाही, देवनागरी बटणांवरच लिहायला लागतं.

आणि ठिपकाच उशिरा येत असेल तर कीबोर्डच्या नादाला लागूच नका. बॅटरी सेव्हर चालू आहे का, फोन उन्हात तापलाय का हे बघा, मग सेफ मोडमध्ये चालू करून टाईप करा, तिथं तुम्ही टाकलेली अॅप बंद असतात. तिथं सगळं वेळेवर आलं तर अलीकडं टाकलेलं एकेक अॅप काढत जा, आणि पडद्यावर तरंगणारी बटणं दाखवणारी किंवा अॅक्सेसिबिलिटीची परवानगी घेतलेली अॅप आधी काढून बघा.