‘लस दिली आहे’ आणि ‘लसीकरण पूर्ण झाले आहे’: तीन पिल्लांच्या निमित्ताने

एका बंद नाल्यातून काढलेली कुत्र्याची तीन पिल्ले सध्या माझ्याकडे आहेत: एक तांबूस नर आणि दोन माद्या, एक काळी व एक पांढऱ्यावर तपकिरी ठिपक्यांची. त्यांना घर हवे आहे. चौकशी करणारे बहुतेक जण “लस दिली आहे का?” असे विचारतात, आणि मी “हो” म्हटले की पिल्लू दुसऱ्याच दिवसापासून बागेत नेता येईल, असे गृहीत धरतात. लस दिलेली असणे आणि लसीकरण पूर्ण झालेले असणे यांत मात्र काही आठवड्यांचे अंतर असते, आणि पार्व्होसारखा आजार नेमका त्याच आठवड्यांत गाठतो.

हे अंतर आईच्या चिकामुळे पडते. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसात पिल्लू जो चीक पिते, त्यातून आईची प्रतिपिंडे त्याच्या रक्तात उतरतात. ती आजाराला अडवतात, तशीच लसीलाही निष्प्रभ करतात. ती पुढे हळूहळू कमी होत जातात. पण कोणत्या पिल्लात सहाव्या आठवड्यात संपतील आणि कोणत्या पिल्लात सोळाव्यापर्यंत टिकतील, हे बाहेरून पाहून सांगता येत नाही. एकाच विणीतल्या भावंडांतही फरक असतो. म्हणून एकत्रित लस, जिच्यात पार्व्हो, डिस्टेंपर व यकृतदाहाचा अंश असतो, सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून दर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा दिली जाते आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावरच देतात. पहिला डोस ‘अर्धे संरक्षण’ देतो ही समजूत चुकीची आहे. तो एखाद्या पिल्लाला पूर्ण लागू पडतो, तर दुसऱ्याला मुळीच नाही.

या तिघांचा हिशेब असा आहे. दुधाच्या दातांवरून पशुवैद्यांनी ९ जूनला त्यांचे वय सुमारे सात आठवडे ठरवले आणि पहिला डोस दिला. दुसरा ३० जूनला झाला, तिसरा २१ जुलैला आहे. तीन आठवड्यांच्या अंतराने चौथा ११ ऑगस्टला येतो, आणि अंदाजानुसार त्या दिवशी सोळा आठवडे भरतात. पण रस्त्यावरच्या पिल्लाची जन्मतारीख कोणालाच ठाऊक नसते. दातांचा अंदाज एका आठवड्याने चुकला असेल, तर त्या दिवशी ती पंधराच आठवड्यांची असतील. म्हणून आम्ही तो डोस १८ ऑगस्टला ठेवला आहे. ‘लसीकरण पूर्ण’ हे शब्द या पिल्लांच्या बाबतीत त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी खरे ठरतील. वर्षभराच्या आत द्यायचा बूस्टर त्यापुढचा.

रेबीजची लस वेगळी असते. एकत्रित लसीचे डोस झाले म्हणजे तीही झाली, असे समजू नये. ती बारा आठवड्यांनंतर, म्हणजे येथे २१ जुलैला, दिली जाईल. तोपर्यंत खेळताना दात लागून रक्त आले, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. (जंताचे औषध तिघांनाही दिले आहे, पण ती लस नव्हे, हाही गोंधळ मी अनेकदा ऐकला आहे.)

मधल्या काळात पिल्लाला कोंडून ठेवायचे नाही. कडेवर घेऊन बाहेरचे आवाज, माणसे, वाहने त्याला दाखवावीत, कारण भीड चेपण्याचे वय हेच असते. टाळायची ती अनोळखी कुत्री जेथे शौचाला बसतात अशी जमीन, कारण पार्व्होचा विषाणू मातीत अनेक महिने तग धरतो आणि चपलेच्या तळव्यालाही चिकटून घरात येतो. मागे एका कुटुंबाला मी केवळ “लस झाली आहे” असे सांगून एक पिल्लू दिले होते. पाचव्या दिवशी त्याने खाणे सोडले, मग उलट्या आणि रक्तमिश्रित, उग्र वासाचे जुलाब सुरू झाले. ते वाचले नाही. माझे वाक्य अपुरे होते. अशी लक्षणे दिसल्यास सकाळची वाट पाहू नये. पिल्लातले पाणी काही तासांतच कमी होते.

नेणाऱ्यांकडून आमच्या अटी मोजक्या आहेत: उरलेले डोस ठरल्या दिवशी द्यावेत, पशुवैद्यांच्या सल्ल्याने साधारण सहाव्या महिन्याच्या सुमारास नसबंदी करावी, दिवसभर बांधून ठेवू नये, आणि काही कारणाने सांभाळणे अशक्य झाले तर रस्त्यावर न सोडता आमच्याकडे परत आणावे. ज्यांच्या घरी गेल्या वर्षभरात पार्व्होने कुत्रे दगावले आहे, त्यांनी ते आधी सांगावे. त्यांना पिल्लू सर्व डोस झाल्यावरच देऊ.

प्रत्येक पिल्लासोबत लसीकरण कार्ड मिळेल. त्यावर दिलेल्या डोसच्या कुपीचे लेबल, तारीख आणि पशुवैद्यांची सही आहे का, ते आमच्यासमोरच पाहून घ्यावे. आज पिल्लू नेल्यास २१ जुलै आणि १८ ऑगस्टचे रकाने रिकामे असतील. ते भरल्यावर कार्डाचे छायाचित्र आम्हाला पाठवावे.