आडनावं दोन, पाकीट एक

"सोसायटीची नोटीस पाठवायचीय, बायकोने माहेरचंच आडनाव ठेवलंय, पण फॉर्मल पत्रात 'श्री. व सौ.' करून नवऱ्याचंच आडनाव लावतात ना?"

नाही हो, लग्नानंतर आडनाव बदलायची सक्ती कायद्यातच नाही, मग पाकिटावर आपण कोण बदलणार! आमच्या ठाण्याच्या सोसायटीत शेअर सर्टिफिकेट काढून बघतो आणि त्याच क्रमाने पूर्ण नावं दोन ओळीत लिहितो, तिचं नाव पहिलं असेल तर तीच वर, म्हणजे समजा

श्रीमती नेहा पाटील
श्री. अमित जोशी

आणि खाली फ्लॅट नंबर, पत्ता एकदाच. श्रीमती फक्त विधवेला लावतात हाही गैरसमजच, कुठल्याही बाईला चालतं. 'सौ. नेहा जोशी' लिहिलंत तर त्या नावाचं आयडी तिच्याकडे नसतंच, रजिस्टर्ड पत्र घेताना अडू शकतं. मायन्यात 'महोदया, महोदय' पुरे.