सीमा हलक्या करा, पण जागच्या हलू देऊ नका
तालुक्यांच्या वेब-नकाशाबद्दल आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"तालुक्यांचा नकाशा वेबसाइटवर टाकलाय, पण फोनवर उघडतच नाही." आमच्याकडे येणाऱ्या कामांपैकी बऱ्याच कामांची सुरुवात या वाक्याने होते. सोबत आलेली फाइल उघडली की कारण कळते. सीमा मोठ्या प्रमाणावरच्या नकाशांवरून काढलेल्या असतात, त्यामुळे ओढ्याचे प्रत्येक वळण आणि बांधाचा प्रत्येक कोपरा त्यांत टिपलेला असतो. मोजणीच्या कामाला ते हवेच. पण अख्खा महाराष्ट्र फोनच्या पडद्यावर दाखवताना त्यातले बहुतेक बिंदू एकावर एक पडतात. दिसत काही नाही आणि भार मात्र पूर्ण पडतो.

हा भार आम्ही कसा उतरवतो आणि सीमा जागेवर राहिली हे कसे तपासतो, ते इथे सांगत आहोत. काम आमच्याकडून करून घ्या किंवा स्वतः करा, पुढच्या गोष्टी दोन्हीकडे लागू आहेत.

वजन कुठून येते

समजा, ३५८ तालुक्यांच्या फाइलमध्ये मिळून २० लाख बिंदू आहेत. जिओजेसन फाइलमध्ये एक बिंदू बऱ्याचदा असा लिहिलेला असतो:

```
[73.856743123456789,18.520430123456789],
```

ही झाली ४० अक्षरे. २० लाखांनी गुणले की ८ कोटी अक्षरे, म्हणजे सुमारे ८० एमबी. आता दशांश चिन्हापुढचे आकडे पाहा. चौथ्या आकड्यापर्यंत जागा ११ मीटरपर्यंत कळते, पाचव्यापर्यंत सुमारे एका मीटरपर्यंत, आणि पंधरावा आकडा अणूच्या आकाराचे अंतर सांगतो. तालुक्याची सीमा इतक्या बारकाईने कोणीच मोजलेली नसते. चार आकडे ठेवले की तोच बिंदू १८ अक्षरांत बसतो आणि फाइल ३६ एमबीवर येते.

काही ग्राहक म्हणतात की सर्व्हर फाइल दाबूनच पाठवतो, मग अडचण कसली? फाइल दाबल्याने पोहोचायचा वेळ वाचतो, हे खरे. पण पोहोचल्यावर फोनला ती उलगडावी लागते, सगळे २० लाख बिंदू वाचावे लागतात आणि नकाशा सरकवला की पुन्हा काढावे लागतात. स्वस्त फोन अडकतो तो इथे. म्हणून बिंदूच कमी करायला हवेत.

किती गाळायचे

"दहा टक्के ठेवा" अशी सूचना आम्ही घेत नाही. मूळ फाइल किती बारीक आहे यावर दहा टक्क्यांचा अर्थ बदलतो. एका फाइलमध्ये दहा टक्के ठेवूनही सीमा सुरेख राहते, तर दुसरीत तिला कोपरे फुटतात. आम्ही विचारतो की तुमचा वाचक नकाशा जास्तीत जास्त किती मोठा करून पाहणार.

त्यावरून हिशेब सरळ निघतो. नेहमीच्या वेब-नकाशात शून्य झूमला विषुववृत्तावर एक पिक्सेल म्हणजे सुमारे १,५६,५४३ मीटर. प्रत्येक झूमला हे अंतर निम्मे होते, आणि आपण १९ अक्षांशाच्या आसपास असल्याने त्याला ०.९४५ ने गुणायचे. झूम ७ ला, म्हणजे राज्य साधारण एका नजरेत येते तेव्हा, एक पिक्सेल म्हणजे सुमारे १,१५६ मीटर. झूम १० ला सुमारे १४५ मीटर. नकाशा झूम १० पर्यंतच मोठा होणार असेल, तर सीमा १४५ मीटरपेक्षा कमी सरकल्यास एका पिक्सेलच्या आत राहते. हल्लीच्या फोनचे पडदे मात्र दुप्पट किंवा तिप्पट दाट असतात, म्हणून आम्ही त्याच्या निम्मे, ७० मीटर धरतो.

इथे एक फसगत नेहमी होते. लीफलेट आणि मॅपलिब्रे ही दोन्ही वेबसाइटवर नकाशा दाखवणारी साधने, आणि दोन्हीत नकाशा लहान लहान चौकोन जोडून बनतो. लीफलेटमध्ये हा चौकोन सहसा २५६ पिक्सेलचा धरतात, तर मॅपलिब्रेमध्ये झूम ५१२ पिक्सेलच्या चौकोनावर मोजतात. त्यामुळे मॅपलिब्रेचे ९ म्हणजे लीफलेटचे १०. "झूम १० पर्यंत" एवढेच सांगितले आणि कशातले हे सांगितले नाही, तर गाळण्याचे अंतर दुप्पट चुकते.

शेजाऱ्यांची सीमा एकच असते

सगळ्यात जास्त नकाशे बिघडतात ते याच टप्प्यावर. मावळ आणि मुळशी यांच्यामधली सीमा फाइलमध्ये दोनदा लिहिलेली असते, एकदा मावळच्या कडेत आणि एकदा मुळशीच्या. दोन्ही तालुके वेगवेगळे गाळले तर प्रत्येकाची कड वेगळ्या बिंदूपासून सुरू होते आणि गाळणीला वेगळे बिंदू महत्त्वाचे वाटतात. मग एकाच सीमेच्या दोन रेषा होतात. कुठे मध्ये पांढरी फट दिसते, तर कुठे एक तालुका दुसऱ्यावर चढतो. अर्धपारदर्शक रंग भरला की हे चढलेले भाग गडद पाचरींसारखे उठून दिसतात.

क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमधले नेहमीचे 'सिम्प्लिफाय' प्रत्येक आकार सुटा हाताळते, म्हणून तिथे हे होते. पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसमधले ST_SimplifyPreserveTopology हे नाव वाचून अनेकांना वाटते की शेजारही जपला जाईल. ते फक्त एकेका आकाराची कड धड ठेवते. शेजार जपायचा असेल तर पोस्टजीआयएस ३.४ पासून मिळणारे ST_CoverageSimplify वापरावे. आम्ही मॅपशेपर हे सीमा गाळण्याचे साधन वापरतो. ते आधी सामाईक सीमा ओळखते आणि प्रत्येक सीमा एकदाच गाळते.

अट एकच. मूळ फाइलमध्ये दोन्ही कडांचे बिंदू तंतोतंत जुळले पाहिजेत. केसाएवढा फरक असला तरी मॅपशेपरला त्या दोन वेगळ्या रेषा वाटतात. फाइल उघडतानाच snap हा पर्याय दिला तर अगदी सूक्ष्म फरक मिटतात. फरक काही मीटरचा असेल तर मात्र सीमा आधी दुरुस्त करून घ्यावी लागते. अशा फाइलचे काम आम्ही वेगळे धरतो.

याच कारणाने महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही दाखवायचे असतील तर ते एकाच फाइलमध्ये आणून गाळावेत. तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तर तीरावर आहे, पण तो गोव्याचा. सुटे गाळताना तेवढा तुकडा गोव्याकडून निसटला तर महाराष्ट्राची कड तो भरून काढत नाही आणि नकाशात तिथे भोक राहते.

खाडी आणि बेटे

गाळण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. डग्लस आणि प्यूकर यांची १९७३ ची पद्धत दोन टोकांमध्ये दोरा ताणते आणि दोऱ्यापासून सर्वांत लांबचा बिंदू ठेवते. अंतराची हमी मिळते, पण रेषेला टोके फुटतात. विश्वलिंगम आणि व्हायट यांनी १९९३ मध्ये मांडलेली पद्धत लगतच्या तीन बिंदूंचा त्रिकोण पाहते आणि ज्याचे क्षेत्रफळ सर्वांत कमी त्याचा मधला बिंदू काढते. वळणे मऊ राहतात, म्हणून सीमांसाठी आम्ही हीच घेतो. मॅपशेपरमध्येही तिचाच एक सुधारित प्रकार मुळात निवडलेला असतो. मात्र या पद्धतीत ७० मीटर हा अंदाज असतो, हमी नव्हे.

कोकणात काळजी वाढते. अरुंद खाडीचे दोन काठ जवळजवळ असतात. गाळल्यावर एक काठ दुसऱ्याला ओलांडून जाऊ शकतो. मॅपशेपरच्या पडद्यावर अशा छेदांची संख्या दिसते आणि ते दुरुस्त करायचा पर्यायही असतो. दुरुस्तीनंतर खाडीचे टोक आम्ही डोळ्यांनी पाहतोच.

बेटांचे वेगळे. keep-shapes या पर्यायामुळे कोणताही तालुका पूर्ण नाहीसा होत नाही, पण ती राखण तालुक्याच्या फक्त सर्वांत मोठ्या तुकड्याला असते. जंजिरा मुरुड तालुक्याचाच भाग, त्यामुळे त्याला ती लाभत नाही. किल्ल्याचे बेट सुमारे २२ एकरांचे, म्हणजे झूम १० ला जेमतेम दोन पिक्सेल रुंद. ७० मीटरला ते चार-पाच कोपऱ्यांचे होऊन तग धरेल, पण त्याहून लहान पद्मदुर्ग पुसला जाऊ शकतो. पर्यटनाच्या संकेतस्थळाला हे चालणार नाही.

म्हणून आम्ही गाळण्याआधी तालुक्याचे सगळे तुकडे सुटे करतो, म्हणजे प्रत्येक बेटाला राखण मिळते, आणि नंतर ते पुन्हा एकत्र जोडतो:

```
mapshaper -i talukas.shp snap \
  -explode \
  -simplify interval=70 keep-shapes \
  -dissolve CODE copy-fields=NAME,DIST \
  -o talukas.json format=topojson quantization=1e5
```

जोडताना नाव नव्हे, तालुक्याचा सांकेतिक क्रमांक वापरायचा. इथे तो CODE या रकान्यात आहे, तुमच्या फाइलमध्ये रकान्यांची नावे वेगळी असतील तर ती घाला. कर्जत रायगडमध्ये आहे आणि अहिल्यानगरमध्येही. खेड पुण्यात आणि रत्नागिरीत, मालेगाव नाशिकमध्ये आणि वाशिममध्ये. नावाने जोडले तर दोन कर्जत मिळून एक तालुका होतो. नकाशा दिसायला ठीक दिसतो, पण एका कर्जतवर बोट ठेवले की माहिती दुसऱ्या कर्जतची येते.

शेवटची ओळ टोपोजेसन फाइल बनवते. त्यात सामाईक सीमा एकदाच लिहिली जाते. राज्याची रुंदी एक लाख भागांत वाटली जाते, म्हणजे एक भाग सुमारे ९ मीटरचा, आणि ७० मीटरच्या कामाला तो पुरेसा बारीक आहे. आपल्या उदाहरणात ५ टक्के बिंदू उरले असे धरू. १ लाख बिंदू, १८ अक्षरे प्रत्येकी, म्हणजे जिओजेसन १.८ एमबी. टोपोजेसनमध्ये आतल्या सीमा दोनदा येत नसल्याने ते आणखी बरेच उतरते.

चाळीस हजारांवर गावांच्या सीमा हव्या असतील तर एवढ्याने भागत नाही. तेव्हा व्हेक्टर टाइल्स, म्हणजे सीमांचे लहान चौकोनी तुकडे, करावे लागतात आणि प्रत्येक झूमला वेगळी गाळणी लागते.

तपासणी

आधी मोजणी करतो. ३५८ आत गेले असतील तर ३५८ बाहेर यायला हवेत. मग प्रत्येक तालुक्याचे आधीचे आणि नंतरचे क्षेत्रफळ ताडतो. पण तेवढ्यावर आम्ही विसंबत नाही, कारण सीमा एका बाजूला आत आणि दुसऱ्या बाजूला तितकीच बाहेर गेली तर क्षेत्रफळ तेच राहते. म्हणून मूळ सीमा लाल आणि नवी काळी करून एकमेकींवर ठेवतो आणि सर्वांत मोठ्या झूमला घाटमाथा, खाड्या आणि तीन तालुके मिळतात ती ठिकाणे फिरून पाहतो. लाल रेषा वेगळी दिसली तर अंतर कमी करून पुन्हा गाळतो.

हलकी केलेली फाइल फक्त दाखवण्यासाठी आहे. एखादे दुकान, शाळा किंवा शेत कोणत्या तालुक्यात येते हे ठरवायला ती वापरू नका. सीमेला लागून असलेली जागा सहज पलीकडे जाईल. तो हिशेब मूळ फाइलवर करून उत्तर तक्त्यात साठवा. मूळ फाइल आम्ही जशीच्या तशी परत देतो, ती जपून ठेवा.

काम पाठवताना मूळ शेपफाइल तिच्या सोबतच्या सर्व फाइलींसह द्या, नकाशा कशात चालणार आहे आणि किती झूमपर्यंत जाणार आहे ते लिहा, आणि जी लहान ठिकाणे दिसलीच पाहिजेत त्यांची यादी जोडा. समुद्रातले सगळेच खडक राखले तर वजन पुन्हा चढते, त्यामुळे कोणते काढायचे हे त्या यादीवरूनच आम्हाला ठरवता येते.