धुराची सवय फुफ्फुसांना होत नाही

"आजीने जन्मभर चुलीवर भाकरी केल्या, तिला काही झालं नाही. धुराची सवय होते."

सवय होते ती डोळ्यांना. धुरातले २.५ मायक्रॉनहून बारीक कण थेट लहान श्वासनलिकांत उतरतात. तिथे वर्षानुवर्षं सूज राहते, भिंती जाड होतात, वाट अरुंद होते. हाच सीओपीडी नावाचा फुफ्फुसांचा आजार, विडीला कधी हात न लावलेल्या बाईलाही होणारा. सकाळची खोकल्याची उबळ, चढावर हंडा खाली ठेवून टेकणं, याला घरात 'वय झालं' म्हणतात. नळीत जोरात फुंकून करायच्या स्पायरोमेट्री या तपासणीत खरं कळतं: पंपाचं औषध घेऊनही फुंकलेल्या एकूण हवेपैकी ७० टक्केसुद्धा पहिल्या सेकंदात बाहेर पडत नाही.

मग धुरांड्याची सुधारित चूल? ती राखली तरच. ओडिशातल्या गावांत अशा चुलींचा चार वर्षं मागोवा घेतला, तेव्हा पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासातून जाणारा धूर घटला, पण पुढे फायदा विरला आणि फुफ्फुसांची ताकद सुधारलीच नाही. चुली फुटल्या, दुरुस्त झाल्या नाहीत, जुनी चूलही पेटत राहिली. पंख्याची चूल आत हवा ढकलून धूरच जाळते, मात्र तिला वाळलेल्या लाकडाचे बारीक तुकडे लागतात. रोजच्या स्वयंपाकाला गॅसच बरा, आणि पाणी तापवायची चूल अंगणात हलवावी.