चेहरे डबल असणं वेगळं, आकडा फुगवणं वेगळं

सभा झाली की दुसऱ्या दिवशी ग्रुपवर तोच तमाशा. एका बाजूने फोटो येतो, वर "पाच लाखांचा जनसागर", लगेच दुसऱ्या बाजूने त्याच फोटोवर लाल गोल काढून कोणीतरी विजयी मुद्रेने टाकतो की बघा, हा माणूस दोनदा आहे, सगळं फेक! आणि मग फोटो खरा की खोटा यावर दिवसभर भांडण, गर्दी किती होती हा प्रश्न कोणाला आठवतसुद्धा नाही.

क्लोन कसा पकडायचा ते बहुतेकांना माहीत असतं, त्यामुळे थोडक्यात. नुसता चेहरा बघू नका, कारण व्हॉट्सअ‍ॅपवरून पाच हात फिरून आलेल्या फोटोत भगवा फेटा घातलेले सगळेच जुळे भाऊ वाटतात. आजूबाजूचं बघा. कॉपी करणारा एक माणूस उचलत नाही, अख्खा तुकडा उचलतो, म्हणून शेजाऱ्याचा वर गेलेला हात, मागच्याची अर्धी टोपी, सावली, सगळं जसंच्या तसं दुसरीकडे सापडतं. ड्रोनचे किंवा मोबाइलचे पॅनोरमा जोडतानाही माणूस दोनदा येतो, पण तो मधल्या वेळात हललेला असतो, त्यामुळे पोझ बदलते, आणि जोडाच्या रेषेवर कठडा वाकडा नाहीतर एखाद्याचं धड अर्धं दिसतं. ती लबाडी नव्हे.

आता खरी गोची. क्लोन सापडला म्हणजे फोटोत हात घातलाय, एवढंच सिद्ध झालं. 2004 साली अमेरिकेत बुश यांच्या प्रचाराच्या टीव्ही जाहिरातीत सैनिकांचे तेच तेच चेहरे लोकांनी पकडले होते. मूळ फोटोत पुढे पोडियमवर बुश उभे होते, ते काढून टाकल्यावर पडलेली मोकळी जागा सैनिक कॉपी करून भरली होती. प्रचारवाल्यांनी एडिटिंग मान्य केलं आणि जाहिरात बदलली. म्हणजे फोटो खोटा होता, पण समोर सैनिक किती होते याबद्दल त्या क्लोनवरून काहीच कळत नव्हतं.

उलट बाजू तर जास्त चालते आणि तिच्याकडे कोणी बघत नाही: फोटो शंभर टक्के खरा, एकही चेहरा डबल नाही, आणि आकडा साफ थापा. त्यासाठी फोटोशॉप लागतच नाही. स्टेजवरून, डोक्यांच्या जरा वरून, लांबची लेन्स लावून फोटो काढला की मधल्या रिकाम्या जागा पुढच्या डोक्यांमागे लपतात आणि पातळ गर्दीही विरार लोकलसारखी दिसते. अशा फोटोवरून डोकी मोजायचा हट्ट मला अजिबात पटत नाही. फोटोतून फक्त लोक कुठपर्यंत आहेत आणि कुठे किती दाटी आहे ते घ्यायचं, तेही जमेल तितक्या वरून काढलेल्या फोटोतून, आणि जागेचं माप नकाशावरून.

ही पद्धत जुनी आहे. 1960च्या दशकात बर्कलीला हर्बर्ट जेकब्स नावाचे पत्रकारितेचे प्राध्यापक होते, त्यांनी आंदोलनांची गर्दी अशी मोजली. त्यांचा ढोबळ हिशोब असा: सुटसुटीत गर्दीत माणशी 10 चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार, आणि हलताही येत नाही अशा चेंगराचेंगरीत अडीच.

आता दादरचं शिवाजी पार्क घ्या. साधारण 28 एकर, म्हणजे 12 लाख चौरस फुटांच्या थोडं वर. अडीचने भागलं तर 4 लाख 88 हजार. म्हणजे "पाच लाख" म्हणणाऱ्याला स्टेज, बॅरिकेड, झाडं, क्लबची जागा सगळं धरून इंच न् इंच चेंगराचेंगरीने भरावा लागेल, तरी आकडा गाठणार नाही. समजा, प्रत्यक्षात लोकांना 8 लाख चौरस फूट मिळाले. पुढचे अडीच लाख चौरस फूट दाट, तिथे 55 हजार माणसं. मागचे साडेपाच लाख सुटसुटीत, तिथेही 55 हजार. झाले एक लाख दहा हजार, जी खरं तर प्रचंड सभा आहे. मापावर सहसा वाद होत नाही (गुगल अर्थवर रूलरने कोणीही काढावं), वाद होतो दाटीवर, म्हणून एक आकडा ठोकण्यापेक्षा "80 हजार ते दीड लाख" असं सांगणाऱ्यावर माझा जास्त विश्वास.

फक्त हा हिशोब त्या क्षणाचा, आणि मैदानातल्यांचा. बाहेरचे रस्ते भरले असतील तर ते वेगळे मोजा. मोर्चा असेल तर लोक मधूनच येतात, मधूनच जातात, तिथे एका फोटोवरून एकूण आकडा निघत नाही, ठराविक जागी उभं राहून मिनिटाला किती लोक पुढे सरकतात ते मोर्चा संपेपर्यंत थोड्या थोड्या वेळाने मोजावं लागतं.