दमट हवेतही गळ्यातली नळी का सुकते?

श्वासासाठी मानेला भोक पाडून बसवलेली ट्रॅकिओस्टॉमीची नळी गळ्यात घेऊन रुग्ण घरी निघाला की किनारपट्टीवरच्या घरांतून एक प्रश्न हमखास येतो. "आमच्याकडे कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत, मिठाला पाणी सुटतं. मग ओला गॉझ नि सलाईनची वाफ कशाला?" प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तरासाठी थोडा हिशेब मांडावा लागतो.

आपण नाकाने घेतलेली हवा फुप्फुसात पोचेपर्यंत ३७ अंशांपर्यंत तापते आणि ओलाव्याने पूर्ण भरते. त्या तापमानाला एक लिटर हवेत सुमारे ४४ मिलिग्रॅम पाणी मावते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असली, तरी त्या हवेच्या लिटरमध्ये पाणी असते २४ मिलिग्रॅम. म्हणजे अंगाला चिकचिक करणारी हवासुद्धा लिटरमागे २० मिलिग्रॅमने कमी पडते. स्वस्थ पडलेला मोठा माणूस दिवसभरात साधारण दहा हजार लिटर हवा आत घेतो. गुणाकार केला तर २०० मिलिलिटर, म्हणजे पेलाभर पाणी होते. एरवी ही तूट मुख्यतः नाक आणि घसा भरून काढतात. नळी बसल्यावर हवा नाकाकडे फिरकतच नाही, मानेतून थेट श्वासनलिकेत शिरते. मग सगळा भार श्वासनलिकेच्या नाजूक अस्तरावर पडतो.

एसीच्या खोलीत तर २४ अंशांना आणि ५० टक्के आर्द्रतेला लिटरमागे जेमतेम ११ मिलिग्रॅम पाणी असते. थंडीत पहाटे मतलई वारे सुटतात तेव्हाही हवा कोरडी होते. सिलिंडरमधला ऑक्सिजन जवळजवळ पूर्ण कोरडा असतो. घरी ऑक्सिजन सुरू असेल, तर ओलाव्याची तजवीज दुप्पट काळजीने करावी लागते.

अस्तर सुकले की काय होते? श्वासनलिकेत सूक्ष्म केस असतात. ते पातळ ओल्या थरावर हलत राहतात आणि कफ वर ढकलतात. थर आटला की त्यांची हालचाल मंदावते. पेज निवली की तिच्यावर जशी साय धरते, तसा कफ नळीच्या भिंतीला धरू लागतो. पहिल्या दिवशी पातळ पापुद्रा असतो. दुसऱ्या दिवशी त्यावर आणखी थर बसतो. मग एखाद्या खोकल्याने तो सुटतो आणि नळीच्या टोकाशी बुचासारखा अडकतो. नळी एकाएकी बंद झाली असे घरच्यांना वाटते, पण तिची तयारी बहुतेक वेळा आदल्या दिवसापासून चाललेली असते. मला हा लेख लिहावासा वाटला तो याच कारणाने, कारण त्या एका दिवसात घरातल्या माणसांना बरेच काही दिसू शकते.

एक उदाहरण घेऊ. पक्षाघातानंतर नळी बसवलेले पासष्टीचे एक बाबा गुहागरजवळच्या वाडीत आहेत. घरात आजी आणि सूनबाई, मुलगा मुंबईला. बाबांच्या गळ्यात दुहेरी नळी आहे. बाहेरची नळी मानेच्या फितीने बांधलेली असते, तर आतली फिरवून काढता येते आणि धुऊन पुन्हा बसवता येते. घरी जाणाऱ्या रुग्णाला शक्य तेव्हा दुहेरी नळीच द्यावी, असे माझे ठाम मत आहे. कफ साचतो तो आतल्या नळीत, आणि ती बाहेर काढली की रस्ता मोकळा होतो. रुग्णालय सोडण्यापूर्वी "आमची नळी एकेरी की दुहेरी?" हे विचारून कागदावर लिहून घ्यावे.

ओलावा देण्याचे साधे मार्ग तीन. एक म्हणजे नळीच्या तोंडावर बसणारे छोटे 'कृत्रिम नाक'. बाहेर जाणाऱ्या श्वासातला ओलावा ते धरून ठेवते आणि आत येणाऱ्या हवेला परत देते. ते रोज बदलायचे, आणि कफाने माखले तर लगेच. कफ फार घट्ट किंवा रक्ताळलेला असेल, तर ते न वापरणे बरे. दुसरा मार्ग नेब्युलायझरचा, साध्या ०.९ टक्के सलाईनची ३ ते ५ मिलिलिटर वाफ. किती वेळा ते डॉक्टर ठरवतात, बहुधा दिवसातून तीन-चार वेळा. वाफ देताना कृत्रिम नाक काढून ठेवायचे. तिसरा मार्ग सगळ्यांत स्वस्त: नळीसमोर सैल बांधलेला ओला गॉझ. तो टपकता नसावा, नुसता ओलसर असावा, आणि वाळला की पुन्हा ओला करावा. त्याचे सुटे धागे लोंबत असतील तर ते श्वासाबरोबर आत ओढले जातात, म्हणून कापलेली कड आत दुमडावी. चुलीचा धूर मात्र खोलीत येता कामा नये, कारण तो गाळायला आता नाक नाही.

सक्शन म्हणजे कॅथेटर नावाची बारीक नळी आत घालून मशीनने कफ ओढून काढणे. ते ठरल्या तासाला करायचे नसते, गरज पडली की करायचे. नळीतून घुर्र असा ओला आवाज येणे, खोकून कफ न सुटणे, श्वास जड होणे ही गरजेची लक्षणे. दर वेळी कॅथेटर आत गेला की अस्तर थोडे खरचटते, त्यामुळे उगाच केलेले सक्शन अपायच करते. कॅथेटरची जाडी नळीच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून जास्त नसावी, म्हणजे बाजूने हवेला जागा राहते. बाबांची आतली नळी बसवल्यावर ७ मिलिमीटरची वाट उरते. तिचे निम्मे साडेतीन. पाकिटावरचा आकडा तीनाने भागला की मिलिमीटर मिळतात, म्हणून १० नंबरचा कॅथेटर बरोबर, १२ नंबरचा जाड.

हात साबणाने धुवायचे. मशीनचा दाब मोठ्या माणसासाठी १०० ते १२० मिलिमीटर पाऱ्यावर ठेवायचा, १५० च्या पुढे न्यायचा नाही. कॅथेटर किती आत घालायचा, हे सुटी नळी शेजारी धरून आधीच मोजून ठेवायचे: नळीची लांबी आणि वर फार तर एक सेंटीमीटर. आत घालताना ओढ बंद, म्हणजे बाजूच्या भोकावरचा अंगठा उचललेला. बाहेर काढताना अंगठा ठेवायचा आणि हळूहळू फिरवत दहा सेकंदांत बाहेर यायचे. पुन्हा करायचे तर मध्ये रुग्णाला चार-पाच श्वास घेऊ द्यायचे. कफ सुटावा म्हणून नळीत सलाईन ओतायची सवय अनेक घरांत दिसते. ती नेमाने करू नये. घट्ट कफावर खरा उपाय वरच्या ओलाव्याचा आहे.

आता तो एक दिवस. पावसात दोन दिवस लाईट नाही. नेब्युलायझर बंद, आणि गॉझ ओला करायचे धावपळीत राहून गेले. सकाळी सूनबाई म्हणते, "आज बाबांचा कफ खूपच कमी आहे." आजींना बरे वाटते. खरी खूण इथेच आहे. काल भरपूर असलेला कफ आज एकदम कमी झाला, आणि जो येतो तो चिकट, तारेचा, खपल्यांचा असला, तर कफ संपलेला नसतो, आत धरलेला असतो. दुपारी कॅथेटर एका जागी अडखळतो. संध्याकाळी आतली नळी उजेडात धरून पाहिली असती, तर भिंतीवर तपकिरी खपली दिसली असती. कॅथेटर जरासा अडखळला तरी त्याच क्षणी आतली नळी काढून ब्रशने कोमट पाण्यात धुवावी. एरवीही ती दिवसातून दोन-तीन वेळा धुवायचीच असते.

रात्री बाबा अस्वस्थ होतात. नळीतून शिट्टीसारखा बारीक आवाज येतो, श्वासागणिक मानेची कातडी आत ओढली जाते, घाम सुटतो. ते हाक मारू शकत नाहीत, कारण हवा आवाजाच्या पेटीपर्यंत पोचतच नाही. म्हणून उशाशी घंटा हवी आणि खोलीत कोणीतरी झोपायला हवे. ओठ निळे पडणे आणि बोटावरच्या यंत्रातला ऑक्सिजनचा आकडा घसरणे ही उशिराची लक्षणे आहेत, त्यांची वाट पाहू नये.

एकाने १०८ ला फोन लावायचा, दुसऱ्याने नळीकडे वळायचे. नळीच्या तोंडावर कृत्रिम नाक, झाकण किंवा बोलण्याची व्हॉल्व्ह असेल तर ती काढून टाकायची. मग आतली नळी काढायची. बऱ्याचदा एवढ्यानेच श्वास मोकळा होतो. नाही झाला तर कॅथेटर घालून पाहायचा. तो सहज गेला तर सक्शन. गेलाच नाही, तर नळी बंद आहे. नळीभोवती श्वासनलिकेत बसणारा हवेचा फुगा असेल तर सिरिंजने त्याची हवा काढायची, म्हणजे नळीच्या बाजूने थोडा श्वास जाऊ शकतो. तरीही सुधारणा नसेल, तर फीत कापून नळी बाहेर काढायची. इथे घरच्यांचा हात थांबतो. पण बंद पडलेली नळी गळ्यात ठेवणे हे ती काढण्यापेक्षा जास्त घातक. मानेचे भोक जुने आणि स्थिर झालेले असले की ते लगेच मिटत नाही. ऑक्सिजन असेल तर तोंडावर आणि भोकावर दोन्हीकडे धरायचा. मग त्याच मापाची सुटी नळी, ती शिरली नाही तर एक माप लहान, आतल्या मार्गदर्शक कांडीसह घालायची आणि कांडी तत्काळ काढायची. नळी बसत नसेल आणि बाबा श्वास घेत नसतील, तर भोक गॉझने दाबून तोंडाने श्वास द्यायचा. प्रतिसादही नसेल, तर छाती दाबणे सुरू करायचे.

तोंडाने श्वास देणे बाबांना लागू पडते, कारण त्यांची वरची वाट शाबूत आहे. तंबाखूमुळे कर्करोग होऊन स्वरयंत्रच काढलेल्या माणसाचे नाक-तोंड फुप्फुसाशी जोडलेलेच नसते. त्याला श्वास आणि ऑक्सिजन फक्त मानेच्या भोकातून. ब्रिटनमधल्या रुग्णालयांत यासाठी खाटेवर पाटी लावतात, वरची वाट चालू असेल तर हिरवी, नसेल तर लाल. घरच्या भिंतीवर असा एक रंगीत कागद लावायला काहीच खर्च नाही, आणि रात्री धावत आलेल्या शेजाऱ्याला तो लगेच कळतो.

हे सगळे कोणी शिकायचे? बऱ्याच घरांत रुग्णालयात थांबलेला मुलगा शिकतो आणि आठवड्याभरात मुंबईला कामावर परततो. मागे उरतात आजी आणि सूनबाई. म्हणून शिकवणी त्यांनाच, आणि सोबत शेजारच्या एकाला. नुसते पाहून हे येत नाही. नर्सने एकदा करून दाखवावे, मग प्रत्येकीने नर्ससमोर स्वतःच्या हाताने पुन्हा पुन्हा करावे, आणि हे का करतो तेही आपल्या शब्दांत सांगावे. आजीने "आतली नळी काढते, म्हणजे बुच तिच्याबरोबर निघतं" असे म्हटले की समजावे, त्यांना कळले. नळी बदलण्याचा सरावही रुग्णालयातच, डॉक्टरांसमोर व्हावा. आतली नळी काढायचा सराव घरी एकदा टॉर्चच्या उजेडातही करावा.

कारण लाईट जातेच. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळानंतर कोकणातल्या कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. विजेच्या सक्शन मशीनबरोबर बॅटरीवर किंवा पायाने चालणारे मशीन घरात हवेच, आणि ते महिन्यातून एकदा पाणी ओढून तपासावे. खाटेजवळच्या पिशवीत दोन सुट्या नळ्या (एक त्याच मापाची, एक लहान), कांडी, कात्री, फीत, १० मिलिलिटरची सिरिंज, पाण्यात विरघळणारी जेली, कॅथेटर आणि टॉर्च असावा. बाबांना तपासणीला चिपळूणला नेताना ही पिशवी आणि पायाचे मशीन गाडीच्या डिकीत नको, मागच्या सीटवर सूनबाईच्या हाताशी हवे.