पाटणच्या शिलालेखात राजवाड्यातला दिवस?

“चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात दरबारी लेखकाने राजवाड्यातला एक साधा दिवस रोजनिशीसारखा लिहून ठेवलाय, खरंय का?”

नाही. तो दानलेख आहे, शके 1128 च्या सुमाराचा. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठाला दान दिलं. या मठात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायचे होते. आणि दानाचा दिवस साधा कुठला, श्रावणी पौर्णिमेचं चंद्रग्रहण!

बराचसा लेख संस्कृत आहे, पण शेवटच्या ओळी मराठीत उतरतात आणि तिथे खरी गंमत आहे. पाटणच्या बाजारात माल उघडला की गिऱ्हाइकाकडून राजवाड्याला जो कर मिळे, तो मठाला दिला. तेलाच्या घाण्यामागे पळी पळी तेलही लावून दिलं. कर भरणाऱ्या तेल्याला आणि गिऱ्हाइकाला कळावं म्हणूनच हा भाग मराठीत असावा, असं मला वाटतं.

राजा कधी उठला, काय जेवला, याचा त्यात एक शब्द नाही. दगडावर कोरायचा तो कायमचा हक्क, पुढच्या राजानेही मोडू नये म्हणून. रोजचं लिखाण ताडपत्रासारख्या नाशिवंत वस्तूंवर व्हायचं.